‘सर, काटा मेला की!’ : प्रवर्तनाच्या स्लाइड्स खोक्याच्या जनरेटरवर समजावताना

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागातली मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. सेकंड पीयूसीच्या फिजिक्समध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज कशी येते याचा, धडा आला की रविवारी सकाळी चार-सहा जण माझ्याकडे येतात. त्यांच्या मोबाइलमध्ये कॉलेजात दाखवलेल्या स्लाइड्स असतात आणि सूत्र पाठ झालेलं असतं. पण तारेच्या फिरणाऱ्या वेटोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून ‘या क्षणी व्होल्टेज जास्त की शून्य?’ असं विचारलं, तर दहातले आठ जण उलटं उत्तर देतात.

ते उलटं का देतात, याचा विचार करताना मला स्लाइड्सचाच क्रम बदलावा लागला. पूर्वी माझ्याही पहिल्या स्लाइडवर सूत्र असायचं. आता सूत्र पाचव्या स्लाइडवर येतं आणि तोवर सगळं काम एक पुठ्ठ्याचं खोकं करतं. ते खोकं कसं बनवायचं आणि कोणत्या स्लाइडला त्याचं काय करायचं, ते इथे लिहितो. सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: चुंबकीय क्षेत्र किती आहे याने प्रवाह वाहत नाही, ते किती वेगाने बदलतंय याने वाहतो.

आधी खोकं

जाड पुठ्ठ्याची चौकोनी नळी करायची, दोन्ही टोकांना उघडी. आतलं तोंड ३ सेंमी बाय ३.५ सेंमी, लांबी ६-७ सेंमी. ३ सेंमी रुंदीच्या ज्या दोन भिंती समोरासमोर येतात, त्यांच्या बरोबर मध्ये भोक पाडून विणकामाची २ मिमी जाडीची सुई आरपार घालायची. सुई सैल फिरली पाहिजे. भोकावर प्लास्टिकच्या पेनाच्या रिफिलचा छोटा तुकडा बसवला तर पुठ्ठा घासत नाही.

चुंबक म्हणून निओडिमियमच्या दोन चकत्या, २० मिमी व्यासाच्या आणि ५ मिमी जाडीच्या. खोक्याच्या आत सुईच्या दोन बाजूंनी त्या एकमेकींना चिकटू द्यायच्या, म्हणजे सुई मध्ये सापडते. वरून थोडा डिंक किंवा फेव्हिक्विक लावलं की चुंबक सुईबरोबर फिरतो. चकत्या एकमेकींना ढकलत असतील तर एक उलटी करा. ढकलणाऱ्या चकत्या जोर लावून चिकटवल्या तर एकीचं क्षेत्र दुसरी खाऊन टाकते. या चकत्या बोटाची कातडी सपकन चिमटतात, आणि घरात लहान पोर असेल तर काम झाल्यावर कुलपात ठेवा. गिळल्या तर जिवावर बेततं.

तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून घ्यायची. उन्हाळ्यात पंपाच्या मोटारी जळून येतात तेव्हा या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा जरा आधी गाठलेलं बरं. ३२ गेजची इनॅमल तार मागितली की तो वजनावर देतो. ५० ग्रॅम पुरते. ६०० वेढे द्यायचे: ३०० सुईच्या एका अंगाला, मग तार न तोडता पलीकडे जाऊन त्याच दिशेने ३०० दुसऱ्या अंगाला. ‘त्याच दिशेने’ हे शब्द मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करतो, कारण पुढे त्यावरूनच रडारड होते. वेढे नळीभोवती गुंडाळायचे, म्हणजे चुंबकाचं तोंड नळीच्या उघड्या टोकाकडे वळलं की त्याचं क्षेत्र वेटोळ्यातून आरपार जातं.

एका वेढ्याला साधारण १३ सेंमी तार लागते, म्हणजे ६०० वेढ्यांना ७८ मीटर. ही तार मीटरला सुमारे ०.२९ ओहम भरते, तेव्हा अख्ख्या वेटोळ्याचा रोध २३ ओहमच्या आसपास आला पाहिजे. वरच्या थरांचे वेढे जरा मोठे होतात, म्हणून २६ पर्यंत गेला तरी हरकत नाही. मल्टिमीटरवर हा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. डाव्या कडेला नुसता १ दिसत असेल तर मीटरला वाट मिळत नाही. नव्वद टक्के वेळा टोकांवरचं इनॅमल खरवडलेलं नसतं. तार तांब्याची दिसते खरी, पण दिसतो तो पारदर्शक लेप. सँडपेपरने चारी बाजूंनी घासून टोक फिकट, चकचकीत गुलाबी दिसलं पाहिजे.

शेवटचं काम म्हणजे सुईचं एक टोक खोक्याबाहेर ३-४ सेंमी ठेवून त्यावर कागदाची पट्टी खळ लावून गुंडाळत जायची, १ सेंमी जाडीचा गोल रूळ होईपर्यंत. त्यावर दोरा गुंडाळायचा आहे. तो कशाला, ते पुढे.

पहिली स्लाइड: काहीच होत नाही

पहिल्या स्लाइडवर फक्त खोक्याचं चित्र आणि एक प्रश्न: ‘चुंबक वेटोळ्यात आहे. प्रवाह किती?’

वेटोळ्याची टोकं प्रयोगशाळेतल्या मध्ये शून्य असलेल्या गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे बारीकसा प्रवाहही काट्याने दाखवणाऱ्या मीटरला, जोडायची. मध्ये १ किलोओहमचा रोधक घालायचा, नाहीतर काटा पहिल्याच झटक्यात कडेला जाऊन आपटतो. आता चुंबकाचं तोंड नळीच्या टोकाकडे वळवायचं, म्हणजे जास्तीत जास्त क्षेत्र वेटोळ्यातून जातंय, आणि हात काढून घ्यायचा. काटा शून्यावर. इथे मी मुद्दाम मिनिटभर गप्प बसतो. चुंबक जोरदार आहे, तार चांगली आहे, जोडणी पक्की आहे आणि तरी काही नाही. हे मुलांच्या डोळ्यांना टोचलं पाहिजे. पुष्कळ स्लाइड्समध्ये ही पायरीच नसते; थेट हलत्या चुंबकावर उडी असते, आणि मग ‘चुंबक आला म्हणून प्रवाह आला’ एवढंच डोक्यात राहतं.

मग सुई दोन बोटांत धरून पाव फेरा हळूच फिरवायची. काटा एका बाजूला जातो आणि हात थांबला की परत शून्यावर. उलट पाव फेरा दिला की काटा दुसऱ्या बाजूला. तोच पाव फेरा झटक्यात दिला की काटा जास्त लांब जातो. तीन गोष्टी दिसल्या: थांबलं की शून्य, दिशा उलटली की काटा उलटा, वेग वाढला की काटा लांब. मायकेल फॅरडेने १७ ऑक्टोबर १८३१ रोजी वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून हेच पाहिलं होतं. त्याच्या काही आठवडे आधी, २९ ऑगस्टला, लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून त्याने पहिला झटका पाहिला. तिथेही काटा हलला तो बॅटरी जोडताना आणि तोडताना. बॅटरी नुसती जोडलेली असताना नाही.

दुसरी स्लाइड: फ्लक्स, आणि मलप्रभेचं पाणी

इथे शब्दांची एक भानगड आहे. काही मराठी पानांवर फ्लक्सला ‘चुंबकीय प्रवाह’ म्हटलेलं असतं. मुलगा ते वाचतो आणि समजतो की चुंबकातून काहीतरी वाहतंय, आणि तेच तारेत शिरतं. मी सरळ फ्लक्स म्हणतो. वेटोळ्याच्या तोंडातून किती चुंबकीय क्षेत्र आरपार जातं, त्याचं माप म्हणजे फ्लक्स. ते तीन गोष्टींवर ठरतं: क्षेत्र किती जोरदार, तोंड किती मोठं, आणि क्षेत्र तोंडातून सरळ जातंय की तिरकं. आमच्या खोक्यात पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ ठरलेल्या आहेत. चुंबक फिरतो तेव्हा बदलतो तो तिरकेपणा.

आता ‘किती आहे’ आणि ‘किती वेगाने बदलतंय’ यातला फरक. त्यासाठी मी मुलांना खानापूरच्या पुलावर नेतो, म्हणजे मनाने. कणकुंबीच्या बाजूला दोन दिवस धो-धो पाऊस झाला की मलप्रभा फुगते. पुलाच्या खांबावर एक खूण धरा. सकाळी पाणी खुणेच्या खूप खाली असतं, पण बघता बघता चढतं. दुपारी ते सगळ्यात वर असतं आणि तेव्हा तासभर बघत उभं राहिलं तरी खूण हलत नाही. चढायचं थांबलेलं असतं, उतरायला लागलेलं नसतं. मग उतरायला लागतं. पाण्याची उंची म्हणजे फ्लक्स. खूण दर मिनिटाला किती सरकते, ते व्होल्टेज. पाणी सगळ्यात जास्त असतं, त्याच क्षणी सरकण्याचा वेग शून्य असतो. एवढं एक कळलं तर जनरेटरची स्लाइड अर्धी सुटते.

तिसरी स्लाइड: तारेतल्या इलेक्ट्रॉनला ढकलतं कोण?

ही स्लाइड बहुतेक संचांत नसते, आणि नेमका हाच प्रश्न हुशार पोरं विचारतात. चुंबक तारेला शिवत नाही. तार जागची हलत नाही. मग आतल्या इलेक्ट्रॉनला धक्का कुणी दिला?

चुंबकीय क्षेत्र फक्त चालत्या प्रभारावर जोर लावतं. आमचं वेटोळं पुठ्ठ्याला घट्ट बसलंय. इलेक्ट्रॉन आत उष्णतेने वेडेवाकडे धावतात, पण त्यांची सरासरी चाल शून्य, म्हणून त्या धावण्याचा हिशेब आपसात कटतो. थांबलेल्या प्रभाराला ढकलू शकेल अशी एकच गोष्ट आहे, विद्युत क्षेत्र. म्हणजे चुंबक फिरताना तारेच्या जागी विद्युत क्षेत्र तयार होत असलंच पाहिजे. निसर्गाचा नियम तोच आहे: जिथे चुंबकीय क्षेत्र बदलतं, तिथे त्याच्याभोवती गोल गोल फिरणारं विद्युत क्षेत्र उभं राहतं.

हे ‘गोल’ फार महत्त्वाचं. बॅटरीचं विद्युत क्षेत्र धन टोकाकडून ऋण टोकाकडे जातं. त्याला सुरुवात आणि शेवट असतो. इथे सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपलेला बैल आठवा. तो कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे विचारण्यात अर्थ नाही. वर्तुळावर जिथे असेल तिथे तो पुढेच ओढतो. बदलत्या फ्लक्सभोवतीचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला तसं वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर पुढेच रेटतं. तार नसली तरी ते क्षेत्र हवेत असतंच. तार ही फक्त इलेक्ट्रॉनना मिळालेली वाट. आणि एका वेढ्यात जेवढा रेटा मिळतो तेवढाच पुढच्या वेढ्यातही मिळतो, म्हणून ६०० वेढ्यांचा रेटा ६०० पट होतो. मुलं विचारतात, ‘चुंबकातून इलेक्ट्रॉन आले का?’ नाही. ते तांब्यात आधीपासूनच खच्चून भरलेले होते; त्यांना नुसती चाल मिळाली.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात मात्र चुंबक स्थिर असतो आणि वेटोळं फिरतं, त्याला सरकती कडी आणि ब्रश लावलेले असतात. तिथे तार स्वतः चालते, तिच्याबरोबर इलेक्ट्रॉनही चालतात, आणि चालत्या प्रभारावर चुंबकीय जोर लागतो. गोष्ट वेगळी, पण उत्तर तेच येतं: फ्लक्स बदलण्याचा वेग. दोन वेगळ्या कारणांचं उत्तर एकच कसं, हा प्रश्न क्षुल्लक नाही. आइन्स्टाइनने १९०५ मधल्या सापेक्षतेच्या लेखाची सुरुवातच चुंबक हलला की तार हलली या प्रश्नाने केली होती. मुलांना मी एवढंच सांगतो की मोठ्या वीजघरांतही आमच्या खोक्यासारखंच असतं. जाड वायंडिंग बाहेर स्थिर, आत चुंबक फिरता. खूप मोठा प्रवाह घासणाऱ्या ब्रशमधून काढायला नको म्हणून.

चौथी स्लाइड: चार जागा आणि मेलेला काटा

एकाच स्लाइडवर तीन ओळी, एकाखाली एक. वर चुंबकाची चार चित्रं, पाव-पाव फेऱ्याच्या अंतराने. मधल्या ओळीत फ्लक्सची वक्ररेषा. खाली व्होल्टेजची. तिन्ही ओळींतून जाणाऱ्या उभ्या तुटक रेषा काढाच. त्या नसतील तर मुलं वरच्या चित्राची खालच्या रेषेशी सांगड घालत नाहीत.

आता खोकं हातात घेऊन सुई सावकाश फिरवायची, एक फेरा दोन-तीन सेकंदांत. काटा एका बाजूला काही घरं जातो, शून्यावरून पलीकडे जातो, परत येतो. मुलांना सांगायचं, काट्याकडे बघू नका, काटा शून्यावर असताना चुंबक कुठे आहे ते बघा. तो नळीच्या टोकाकडे तोंड करून असतो. फ्लक्स सगळ्यात जास्त, व्होल्टेज शून्य, पुलावरची दुपार. आणि काटा सगळ्यात लांब असतो तेव्हा चुंबक आडवा, तोंड भिंतीकडे. फ्लक्स शून्य, पण त्याच क्षणी तो सगळ्यात वेगाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पलटतोय. काटा थोडा आळशी असल्यामुळे जरा मागे पडतो, म्हणून जितकं सावकाश फिरवाल तितकं हे स्वच्छ दिसतं.

पहिल्या वर्षी इथेच माझी फजिती झाली. एका पोराने उत्साहात सुई भराभर फिरवली आणि ओरडला, ‘सर, काटा मेला की!’ खरंच, काटा शून्यापाशी नुसता थरथरत होता. बाकीच्यांनी निष्कर्ष काढला की फार वेगाने फिरवलं तर वीज बंद होते. मीही क्षणभर जोडणीच तपासायला लागलो. झालं होतं असं की प्रवाह सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलत होता, आणि काट्याला उजवीकडे निघायच्या आत डावीकडे यायचा हुकूम मिळत होता. काटा सरासरी दाखवतो आणि पुढे-मागे होणाऱ्या प्रवाहाची सरासरी शून्य. आता मी ही फजिती मुद्दामच घडवतो, कारण एसी म्हणजे काय हे सांगायला याहून चांगली जागा नाही.

साध्या डिजिटल मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. स्वस्त मीटरची एसीची सगळ्यात छोटी पट्टी २०० व्होल्टची असते, तिच्यावर अर्धा-एक व्होल्ट कळत नाही. आणि डीसीच्या पट्टीवर तो सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, तेव्हा आकडे वेड लागल्यासारखे उड्या मारतात. खोकं बिघडलेलं नसतं.

पाचवी स्लाइड: आता सूत्र

```
E = −N × ΔΦ / Δt
```

E म्हणजे व्होल्टेज, N वेढे, ΔΦ फ्लक्समधला फरक, Δt त्याला लागलेला वेळ. पुस्तकात E ला विद्युतचालक बल म्हणतात, पण ते बल नव्हे. ते व्होल्टमध्येच मोजतात. वजाबाकीच्या चिन्हाला सध्या हात लावायचा नाही.

आमच्या खोक्याचा हिशेब. चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावर क्षेत्र ०.४ टेस्लाच्या घरात असतं, पण वेटोळ्याच्या सगळ्या तोंडावर सरासरी काढली तर फार कमी पडतं, ०.०५ टेस्ला धरलं तर हात आखडताच धरल्यासारखा होतो. तोंड १०.५ चौरस सेंमी, म्हणजे ०.००१०५ चौरस मीटर. गुणाकार केला की फ्लक्स साधारण ०.००००५ वेबर. सुई बोटांनी फिरवली तर सेकंदाला ५ फेरे होतात असं धरू. पाव फेऱ्याला ०.०५ सेकंद, आणि तेवढ्यात फ्लक्स पूर्ण भरलेल्यापासून शून्यावर येतो.

```
६०० × ०.००००५ ÷ ०.०५ = ०.६ व्होल्ट
```

ही पाव फेऱ्यातली सरासरी. शिखर त्याच्या १.५७ पट, म्हणजे ०.९४ व्होल्ट. लाल एलईडी पेटायला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. तेव्हा बोटांनी फिरवून एलईडी लागला नाही, तर तो लागणार नव्हताच. फेरे दुप्पट केले, सेकंदाला १०, की शिखर १.९ वर जातं आणि एलईडी मिणमिणायला लागतो. टॉर्चचा जुना बल्ब मात्र लावू नका. त्याला २००-३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. आमच्या वेटोळ्याची टोकं एकमेकांना जोडली तरी ०.९४ भागिले २३, म्हणजे ४१ मिलिअँपिअरच्या पुढे ते जात नाही.

सहावी स्लाइड: वजाचं चिन्ह, दोऱ्याला लटकलेलं

सेकंदाला १० फेरे बोटांनी होत नाहीत, म्हणून तो कागदी रूळ. खोकं टेबलाच्या कडेला घट्ट चिकटवायचं, रूळ कडेबाहेर. टेबल लाकडी हवं. लोखंडी असेल तर चुंबक एका जागी अडकून बसतो. रुळावर दोरा गुंडाळायचा आणि टोकाला २० ग्रॅमचा नट बांधायचा. टेबल ७५ सेंमी उंच असेल तर नट जमिनीवर पोचेपर्यंत सुई साधारण २४ फेरे घेते.

तीन वेळा नट सोडायचा. प्रत्येक वेळी मुलांनी मोबाइलवर वेळ घ्यायची.

पहिल्यांदा वेटोळ्याची टोकं मोकळी. नट सरसरत खाली जातो आणि सेकंदाच्या आत टक्कन आपटतो. दुसऱ्यांदा टोकांना दोन एलईडी, एक लाल आणि एक पिवळा, एकमेकांच्या उलट जोडलेले. नट जरा जड जातो आणि दोन्ही दिवे लागतात. तिसऱ्यांदा टोकं एकमेकांना पिळून जोडलेली. आता नट विहिरीत घागर सोडावी तसा हळूहळू उतरतो. आमच्या मापांवर तीन-चार सेकंद, चुंबक जरा जोरदार असेल तर त्याहून जास्त. दोरा तोच, नट तोच, घर्षण तेच. बदललं ते एवढंच की इलेक्ट्रॉनना वाट मिळाली.

वेटोळ्यात प्रवाह वाहिला की वेटोळंही चुंबक होतं, आणि ज्या बदलामुळे प्रवाह आला त्याच बदलाला ते आडवं येतं. चुंबकाचं तोंड जवळ येत असेल तर ढकलतं, दूर जात असेल तर ओढून धरतं. हाइनरिख लेन्झने १८३४ मध्ये मांडलेला नियम तो हाच, आणि सूत्रातलं वजाचं चिन्ह त्याचंच. मुलांना मी उलटा प्रश्न टाकतो: समजा ते चिन्ह अधिक असतं, तर? मग वेटोळं चुंबकाला आणखी पुढे रेटलं असतं, वेग वाढला असता, प्रवाह वाढला असता, रेटा आणखी वाढला असता. नट काढून घेतला तरी सुई फिरतच राहिली असती आणि दिवे फुकट जळले असते. तसं होत नाही. २० ग्रॅमचा नट ७५ सेंमी उतरला की ०.१५ ज्यूल ऊर्जा देतो. घर्षण जाऊन जे उरतं ते दिव्यात आणि तारेच्या उष्णतेत जातं, त्याहून एक कणही जास्त मिळत नाही.

दिव्यांची एक गंमत राहिली. एलईडी हातभर लांब वायरवर ठेवा, खोली अंधारी करा, आणि नट उतरत असताना ते हवेत भराभर आडवे हलवा. समोर ठेवले तर दोन्ही एकदम लागल्यासारखे वाटतात. हलवले की लाल तुकडा, पिवळा तुकडा, लाल, पिवळा अशी तुटक माळ दिसते. अर्ध्या फेऱ्यात प्रवाह एका दिशेने, अर्ध्यात दुसऱ्या. चौथ्या स्लाइडची खालची वक्ररेषाच हवेत काढल्यासारखी.

रोध बरोबर, तरी काटा ढिम्म

एक बिघाड मात्र मला दरवर्षी भेटतो. मीटरवर २३ ओहम येतात, चुंबक व्यवस्थित फिरतो, गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या जोडणीवर चालतो, आणि इथे काटा जेमतेम हलतो. नटसुद्धा टोकं जोडली तरी सेकंदाच्या आतच पडतो. अशा वेळी सुईच्या दोन अंगांचे वेढे उलटसुलट गुंडाळलेले असतात. एका अर्ध्याचा रेटा दुसऱ्या अर्ध्याच्या विरुद्ध, आणि उरतो तो हाताने वेढे कमी-जास्त पडल्याचा फरक. सगळं उलगडायची गरज नाही. दोन अर्ध्यांमधली जोडतार कापायची, चारी टोकं खरवडायची आणि एका अर्ध्याची दोन टोकं आपसात बदलून जोडायची. गेल्या वर्षी नंदगडहून येणाऱ्या एका मुलीने हे न सांगता ओळखलं. तिने आधी एकेक अर्धा वेगळा गॅल्व्हानोमीटरला लावून सुई एकाच दिशेने पाव फेरा फिरवली आणि म्हणाली, ‘सर, हा उजवीकडं जातोय, तो डावीकडं. दोघं भांडताहेत की!’

तिनेच मग विचारलं, की हिडकलच्या धरणाखालच्या वीजघरातही लोकांनी जास्त दिवे लावले की चक्र जड होतं का. होतं. तिथे नटाच्या जागी पाणी असतं, आणि भार वाढला की चक्राचा वेग पडू नये म्हणून जास्त पाणी सोडावं लागतं. पण हिडकलपर्यंत जायची गरज नाही. मंगल कार्यालयाच्या मागे डिझेल जनरेटर असतो. वीज गेली की तो सुरू होतो, आणि मांडवातले सगळे झोत एकदम लावले की त्याचा आवाज क्षणभर खाली बसतो, मग इंजिन जास्त डिझेल ओढून परत वर येतं. पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला बसायच्या आधी दोन मिनिटं त्याच्यापाशी उभे राहा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.